खवट निघालेलं ‘शुद्ध गुलाब तेल’ आणि पैसे परत मागणारं पत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी महिना-दीड महिना मी घरी साबण आणि उटणं करून विकते. मागच्या सप्टेंबरात उटण्यासाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘१००% शुद्ध गुलाब इसेन्शियल ऑइल’ मागवलं. १५ मिलीची बाटली, छापील किंमत ₹९९९, मला पडली ₹२४९ ला. वर ₹४९ पोस्टेज, म्हणजे एकूण ₹२९८. बाटली उघडली तर खवट. पत्र लिहिलं, थोडी ओढाताण झाली, पैसे परत आले. तेव्हापासून साबण करणाऱ्या मैत्रिणी ‘ते पत्र पाठव ना’ म्हणतात. पत्र खाली आहेच, पण ते नुसतं उतरवून पाठवलं तर काम होईलच असं नाही. म्हणून सगळ्यांचे प्रश्न एकदाच लिहून ठेवते. विक्रेत्याचं नाव मात्र विचारू नका, ते सांगणार नाही.

तेल खवट आहे हे कळलं कसं?

मला नाही, सासूबाईंना कळलं. मी बाटली उघडली तेव्हा पहिल्यांदा गुलाबच आला, जरा गुलकंदी आणि गोडसर. मनगटावर थेंब घेऊन मी मुलतानी माती चाळायला बसले. दहा-पंधरा मिनिटांनी सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, चिवड्याची जुनी बरणी उघडलीस का?” मनगट हुंगलं तर गुलाब उडून गेलेला आणि खाली तोच वास. दिवाळीचा चिवडा संक्रांतीपर्यंत राहिला की तळाच्या शेंगदाण्यांना येतो ना, अगदी तो.

हा क्रम लक्षात ठेवा. वरचा सुगंध उडतो आणि मागे खवटपणा उरतो. बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन हे कळत नाही. हातावर किंवा कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन अर्ध्या तासाने हुंगावं लागतं.

इसेन्शियल ऑइल खवट होतं का?

सगळ्या प्रकरणाची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

शेंगदाणा, सूर्यफूल, बदाम, खोबरं यांची तेलं ही जड तेलं. ती मेदाम्लांची बनलेली असतात. हवेतला ऑक्सिजन त्या मेदाम्लांना हळूहळू तोडतो आणि त्यातून जे बारीक तुकडे सुटतात त्यांचा वास आपल्याला खवट लागतो. ऊन, उष्णता, अर्धी भरलेली बाटली, यांनी हे लवकर होतं.

वाफेवर काढलेलं सुगंधी तेल हे त्या अर्थाने तेलच नव्हे. फुला-पानांतले जे पदार्थ वाफेबरोबर उडून येतात तेवढेच त्यात असतात. मेदाम्लांचं जड तेल वाफेबरोबर येतच नाही, ते भांड्यात मागे राहतं. त्यामुळे गुलाबाच्या इसेन्शियल ऑइलला शेंगदाण्याचा खवटपणा येण्यासाठी त्यात मुळात खवट होण्याजोगं काही असावं लागतं. ते असेल, तर कोणीतरी घातलेलं आहे.

याचा अर्थ सुगंधी तेलं कधीच बिघडत नाहीत असा नाही. लिंबू, संत्रं, टी ट्री, पाइन ही तेलं हवेने जुनी होतात. पण ती बिघडली की वास तीक्ष्ण होतो, रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनकडे झुकणारा. तो वास आणि चिवड्याच्या बरणीचा वास यांत गल्लत होत नाही. एकदा शेजारी शेजारी घेऊन बघा.

मग पत्रात ‘तेल खराब निघालं’ असं का लिहायचं नाही?

कारण ‘खराब’ म्हटलं की चेंडू तुमच्या अंगणात येतो. तुम्ही उन्हात ठेवलंत, झाकण नीट लावलं नाहीत, उशिरा उघडलंत, नैसर्गिक वस्तू आहे, वास थोडा बदलतोच. ही चारही उत्तरं मला चॅटवर दहा मिनिटांत मिळाली. कारण मीही आधी तेच लिहिलं होतं, ‘तेल खराब आहे, पैसे परत द्या’. समोरच्या मुलीने (मुलगी असावी, नाव तसं होतं) नम्रपणे सांगितलं की परत करायची सात दिवसांची मुदत संपली, आणि चॅट बंद.

रात्री डोक्यात प्रकाश पडला. माझी तक्रार ‘माल बिघडला’ अशी नाहीच. ‘जे सांगून विकलं ते हे नव्हे’ अशी आहे. खवट वास हा बिघाड नाही, तो पुरावा आहे. इसेन्शियल ऑइल मी कितीही वाईट ठेवलं असतं, अगदी गॅसच्या शेगडीशेजारी, तरी त्याचं शेंगदाण्याचं तेल झालं नसतं. एवढा एक मुद्दा फिरवला आणि पत्राचं वजनच बदललं.

पत्रात किमतीचाही मुद्दा आहे, पण सेलमध्ये स्वस्त मिळतंच की?

मिळतं, पण किती? हा हिशेब मी पाकळ्यांवरून केला. बाटली घेण्याआधीच करायला हवा होता, हे कबूल.

तेलासाठी जो सुवासिक गुलाब लावतात तो दमास्क गुलाब. बल्गेरियात कझानलाकचं खोरं, तुर्कस्तानात इस्पार्ता आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशात कन्नौज, अलीगढकडचा भाग ही त्याची जुनी ठिकाणं. फुलं पहाटे, ऊन चढायच्या आत खुडायची आणि त्याच दिवशी भट्टीला लावायची. एवढं करून एक किलो तेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात.

आता माझी बाटली. गुलाब तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून १५ मिलीचं वजन १३ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याला ४५ ते ५२ किलो फुलं हवीत. पन्नास धरू. ₹२४९ ला पन्नास किलोंनी भागलं तर किलोला पाच रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि त्यातच खुडणारीची मजुरी, भट्टीचं सरपण, बाटली, लेबल, साइटचं कमिशन आणि विक्रेत्याचा नफा. आमच्या मंडईत देवाला घालायचे बिनवासाचे गुलाबही या भावाने मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून सूट ७५ टक्के आहे की ८०, याला अर्थ नाही. छापील ₹९९९ ला सुद्धा हा हिशेब बसत नाही. पत्रात मी हेच दोन ओळींत घातलं. ‘फार स्वस्त वाटतं’ म्हटलं तर ते मत होतं. ‘पन्नास किलो फुलं ₹२४९ ला’ म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

गुलाबाचं अत्तरही दोनशे-तीनशेला मिळतं. मग ते खोटंच?

खोटंच असं नाही, वस्तू वेगळी आहे. कन्नौजला तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात येते. भपक्यात परंपरेने चंदनाचं तेल असतं आणि त्यात गुलाब उतरतो. ते अत्तर. आता चंदन महागलं, म्हणून पुष्कळ ठिकाणी द्रव पॅराफिनसारखा आधार घेतात. तसं स्पष्ट सांगून विकलं तर माझी काही तक्रार नाही. ‘जोजोबा तेलात ३% गुलाब’ असं लेबलवर लिहून विकणारेही आहेत, ते तर सगळ्यांत प्रामाणिक. माझ्या बाटलीवर ‘१००% शुद्ध’, ‘अनडायल्युटेड’ आणि ‘स्टीम डिस्टिल्ड’ असं तीनदा लिहिलेलं होतं.

जाता जाता, द्रव पॅराफिन खवट होत नाही. माझ्या विक्रेत्याने ते वापरलं असतं तर सासूबाईंच्या नाकालाही पत्ता लागला नसता. आणखी चार पैसे वाचवायला गेला आणि सापडला.

घरी नेमकं काय तपासलंत?

कागदाची चाचणी, बाकी काही नाही. पण ती नीट केली, त्यामुळे कामाला आली.

झेरॉक्सचा साधा पांढरा कागद घेतला. पेनाने तीन गोल काढले आणि क, ख, ग अशी खूण केली. ‘क’मध्ये बाटलीतलं तेल एक थेंब, ‘ख’मध्ये घरातलं शेंगदाणा तेल एक थेंब आणि ‘ग’मध्ये मेडिकलमधून आणलेलं निलगिरीचं तेल एक थेंब. शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवला, तारीख दिसेल असा, आणि फोटो काढला. कागद कपाटावर ठेवून दिला, शेगडीपासून लांब.

अर्ध्या तासात तिन्ही डाग पसरले, तिन्ही सारखेच ओले दिसत होते. या वेळी बघून काहीच कळत नाही, घाई करू नका. चार तासांनी ‘ग’ नाहीसा झाला होता, फक्त पेनाचा गोल उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद खिडकीशी धरला. ‘क’ आणि ‘ख’ जुळ्या भावंडांसारखे, दोन्हीकडून उजेड आरपार. वडापावचा कागद होतो तसा. ‘क’चा डाग किंचित लहान, एवढाच फरक. तिसऱ्या दिवशीही तसाच. तीन दिवसांचे तीन फोटो झाले.

निलगिरी आणि शेंगदाणा शेजारी घ्यायला विसरू नका. एकट्या डागाचा फोटो पाठवलात तर ‘तेल आहे, डाग पडणारच’ असं उत्तर येईल. तुलना दिसली की बोलायला जागा राहत नाही.

ही चाचणी सगळ्या तेलांना चालते का?

नाही. चंदन, वाळा, पचौली ही तेलं जड आणि संथ. त्यांचा डाग कित्येक दिवस हटत नाही, मग शुद्ध असलं तरी फसल्यासारखं वाटतं. खऱ्या गुलाब तेलातही थोडा मेणासारखा भाग असतो, त्याची पुसटशी कडा कागदावर राहू शकते. पण कडा वेगळी आणि आरपार तेलकट डाग वेगळा.

उलट बाजूनेही फसगत होते. डाग उडून गेला म्हणजे तेल शुद्ध, असं मुळीच नाही. कारखान्यात केलेला गुलाबाचा वासही उडून जातो. आणि दुसरं सुगंधी तेल मिसळलं तर तेही उडतं. याचा जुना दाखला आपल्या घरचाच आहे. रोशा गवताचं तेल गुलाबासारखं वासाला असतं. एकेकाळी खानदेशात ते भरपूर निघे आणि मुंबई बंदरातून लाल समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई. तिथे ते गुलाब तेलात मिसळत. त्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम’ असं नावही पडलं होतं. नंदुरबार-शहाद्याकडच्या गवताने युरोपातल्या सरदारणींना गुलाब म्हणून फसवलं, याची मला थोडी गंमतच वाटते. पण तशी भेसळ घरी पकडता येत नाही.

म्हणून कागदाची चाचणी एकच गोष्ट सांगते: यात न उडणारं जड तेल आहे की नाही. माझ्या पत्राला तेवढंच लागत होतं.

फ्रीजमध्ये ठेवून बघतात, ते?

वाफेवर काढलेलं खरं गुलाब तेल गारठ्यात गोठतं, त्यात सुईसारखे स्फटिक दिसतात. माझं रात्रभर फ्रीजमध्ये राहून नुसतं दाटसर आणि गढूळ झालं. पण हा मुद्दा मी पत्रात घातला नाही. रसायनाने काढलेलं गुलाब ॲब्सोल्यूट असं गोठत नाही, आणि खोबरेल घातलं असेल तर तेही गोठतं. वाद घालायला जागा राहते. कच्चा पुरावा पक्क्या पुराव्याशेजारी ठेवला की समोरचा नेमका कच्चाच उचलतो.

ते पत्र दाखवाल का?

विक्रेता परराज्यातला, म्हणून ई-मेल इंग्रजीत गेलं. लिहिलं मात्र आधी मराठीत, तेच इथे देते.

*विषय : ऑर्डर क्र. (इथे खोडला आहे) — वर्णनाप्रमाणे नसलेला माल, ₹२९८ परत मिळण्याबाबत*

*माननीय तक्रार निवारण अधिकारी यांस,*

*आपल्या साइटवरून मी २ सप्टेंबरला ‘१००% शुद्ध गुलाब इसेन्शियल ऑइल, १५ मिली’ मागवलं. ते ६ सप्टेंबरला मिळालं. बॅच क्रमांक बाटलीवर आहे, फोटो १ पाहावा. बाटली २८ सप्टेंबरला पहिल्यांदा उघडली. तोवर ती खोक्यातच, बंद कपाटात होती.*

*जाहिरातीत आणि लेबलवर हे तेल वाफेवर काढलेलं, काहीही न मिसळलेलं आहे असं म्हटलं आहे (फोटो २ आणि ३). प्रत्यक्षात :*

*एक, थेंब हातावर घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गुलाबाचा वास जातो आणि खाण्याच्या तेलाचा खवट वास उरतो. वाफेवर काढलेल्या तेलात मेदाम्लांचं जड तेल नसतं, त्यामुळे त्याला असा वास येऊ शकत नाही.*

*दोन, साध्या कागदावर टाकलेला थेंब तीन दिवसांनीही उडालेला नाही. शेजारचा शेंगदाणा तेलाचा डाग तसाच आहे आणि निलगिरीचा चार तासांत उडाला (फोटो ४ ते ६).*

*तीन, १५ मिली गुलाब तेलाला सुमारे पन्नास किलो फुलं लागतात. ₹२४९ मध्ये ते कसं देता येतं, हे आपणच सांगावं.*

*माझी तक्रार माल जुना झाला अशी नसून तो जाहिरातीप्रमाणे नाही अशी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६(३) प्रमाणे असा माल परत घेण्यास आणि पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.*

*मला ₹२४९ आणि पोस्टेजचे ₹४९ मिळून ₹२९८ ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात सात दिवसांत मिळावेत. बाटली हवी असल्यास आपल्या खर्चाने न्यावी. माझा हेतू साधा आहे, पैसे मिळाले की हा विषय इथेच संपेल. अन्यथा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवेन.*

*आपली,*
*(नाव, दूरध्वनी)*

यात रागाचं एक वाक्यही नाही. मुद्दाम?

मुद्दाम. पहिल्या मसुद्यात ‘लोकांच्या कातडीशी खेळता’ आणि ‘लुबाडणूक’ असं सगळं होतं. नणंदेला वाचून दाखवलं. ती बँकेत तक्रारींच्या टेबलावर बसते. ती म्हणाली, “वहिनी, हे वाचून मी तुमची बाजू घेईन, पण कागद पुढे ढकलणार नाही. त्यात मला करण्यासारखं काय आहे?” मग राग काढला आणि रक्कम, तारीख, फोटोंचे क्रमांक घातले.

‘भेसळ’ हा शब्दही टाळला. भेसळ केली कोणी, विक्रेत्याने की त्याला माल देणाऱ्याने, हे मला माहीत नाही. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ एवढं मला माहीत होतं आणि पैसे परत मिळायला तेवढं पुरतं.

‘परत करण्याची मुदत संपली’ म्हणाले तर?

साइटची सात किंवा दहा दिवसांची मुदत ही मन बदललं, साइज बसली नाही, अशा परतीसाठी त्यांनी स्वतः ठरवलेली सोय असते. वर्णनाप्रमाणे नसलेल्या मालाला तिची आड घेता येत नाही, नियम ६(३) त्यासाठीच आहे. ‘सील फोडलंय, स्वच्छतेच्या कारणाने परत नाही’ यालाही हेच उत्तर. सील न फोडता आत काय आहे हे कळणार कसं, एवढंच मी विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.

त्यांनी लॅबचा रिपोर्ट पाठवला. आता काय बोलायचं?

मलाही पाठवला होता. छान रंगीत आलेख, वर जीसी-एमएस असं तपासणीचं नाव. मी तीन गोष्टी पाहिल्या. रिपोर्टवरचा बॅच क्रमांक माझ्या बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. तपासणीची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. आणि नमुन्याचं नाव ‘रोझ ॲब्सोल्यूट’ होतं, म्हणजे वाफेवर काढलेलं नव्हेच.

पण समजा तिन्ही जुळलं असतं, तरी एक गोष्ट उरते आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. या तपासणीत नमुना तापवून त्याची वाफ नळीतून पाठवतात, आणि जे उडतं तेच आलेखात दिसतं. शेंगदाण्याचं तेल उडत नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीने केलेल्या आलेखात ते दिसतही नाही. निम्मं खाद्यतेल घातलेल्या गुलाबाचा आलेखही बऱ्यापैकी देखणा येऊ शकतो. कागदावरचा डाग मात्र ते लपवत नाही. मी उत्तरात लिहिलं, “रिपोर्ट माझ्या बॅचचा नाही, आणि असता तरी न उडणाऱ्या तेलाबद्दल तो काही सांगत नाही. फोटो ४ ते ६ बद्दल आपलं म्हणणं कळवावं.” यानंतर त्यांची भाषा बदलली. ₹१५० चं कूपन देऊ केलं. मी नको म्हटलं. त्याच दुकानातून अजून काय घेणार?

स्वतः लॅबमध्ये तपासून घेऊ का?

₹२९८ साठी नको. कन्नौजला सरकारी सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, खासगी प्रयोगशाळाही आहेत, पण तपासणीचा खर्च बाटलीच्या किमतीच्या कितीतरी वर जातो. दर महिन्याला किलोने तेल घेत असाल तर गोष्ट वेगळी, मग घेण्याआधीच तपासा. प्रकरण ग्राहक आयोगात गेलंच तर नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे.

म्हणूनच सगळी बाटली परत देऊ नका. मी पाच मिली एका धुवून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत काढून ठेवलं, वर तारीख आणि बॅच लिहिली, आणि काढताना फोन उभा करून व्हिडिओ घेतला. प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका, सुगंधी तेलं प्लास्टिक खातात. (मूळ बाटलीला रबरी फुग्याचा ड्रॉपर होता. खरं तेल त्या रबरालाही मऊ करतं, म्हणून बहुतेक चांगले विक्रेते थेंब-थेंब सोडणारी बूच-जाळी बसवतात. पण ड्रॉपरवरून निकाल देऊ नका.)

उत्तरच आलं नाही तर?

साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची असते. अधिकाऱ्याचं नाव आणि ई-मेल साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतं. चॅटवर भांडण्यात वेळ घालवू नका, पत्र तिथेच पाठवा.

पुढची पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, किंवा consumerhelpline.gov.in. मी बाराव्या दिवशी फोन केला. मराठीत बोलता आलं. ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि पत्राची तारीख विचारली, डॉकेट नंबर दिला. सगळं हातात होतं म्हणून फोन दहा मिनिटांत आटोपला. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. माझ्या बाबतीत चौथ्या दिवशी ₹२९८ खात्यात आले, सोबत ‘गुडविल म्हणून’ असं वाक्य. असू दे.

तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार e-jagriti.gov.in वर घरून करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वकील सक्तीचा नाही. मात्र तारखांना वेळ जातो हे धरून चाला. माझ्यावर तिथे जायची वेळ आली नाही, म्हणून त्याहून जास्त सांगत नाही.

माझं लिंबाचं तेल बिघडलं आहे. हेच पत्र चालेल?

जसंच्या तसं नाही. लिंबू खरोखरच जुनं होतं, म्हणजे तुमच्या तेलात भेसळ नसेलही. आधी कागदाची चाचणी करा. शेंगदाण्यासारखा आरपार डाग राहिला तर हेच पत्र. फक्त पिवळसर छटा राहिली आणि वास टर्पेंटाइनसारखा असेल, तर मुद्दा साठ्याच्या वयाचा आहे. मग उत्पादनाचा महिना-वर्ष आणि बॅच यांवर बोट ठेवा. लेबलवर महिना-वर्ष छापलेलंच नसेल तर ती स्वतंत्र तक्रार आहे, पॅकबंद मालावर ते असावंच लागतं. आणि बाटली घरात आल्यावर लगेच उघडून बघा, माझ्यासारखी तीन आठवडे ठेवू नका. लिंबाच्या बाबतीत हे तीन आठवडे तुमच्यावर उलटू शकतात.

उरलेलं तेल साबणात घातलंत का?

नाही, तुम्हीही घालू नका. खवट तेल साबणात गेलं की काही आठवड्यांनी वडीवर नारिंगी ठिपके उठतात आणि सगळी खेप वाया जाते. अंगाला लावायचा तर प्रश्नच नाही. पाच मिलीचा नमुना अजून कपाटात आहे, दोन वर्षं राहील. विक्रेत्याने बाटली मागितलीच नाही. तिच्यातलं उरलेलं तेल सासूबाईंनी गच्चीच्या दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. दार आता करकरत नाही, आणि उघडलं की पहिली दोन मिनिटं गुलाबाचा वास येतो.